हजर असल्यास घरी पाठवावे

मोजपट्टीबाईंना हे नाव कारखान्यानं दिलं होतं आणि ते त्यांना ठाऊकही होतं. कुठलाही कागद वाचताना त्या ओळीखाली स्टीलची पट्टी धरायच्या आणि एकेक ओळ खाली सरकवत न्यायच्या. घाईघाईत कागद वाचणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. "आपली नजर चुकली की कुणाच्या तरी पोटावर पाय पडतो," असं त्या सुनवायच्या, आणि समोरचा माणूस "हो बाई, हो बाई" करत काढता पाय घ्यायचा.

कारखाना बाटल्यांचा. औषधाच्या, सरबताच्या, अत्तराच्या. आस्थापना विभागाची खोली तपासणी खात्याच्या अगदी वर, त्यामुळे खिडकी घट्ट लावली तरी पट्ट्यावरून पुढे सरकणाऱ्या बाटल्यांची किणकिण खालून दिवसभर वर येत राहायची. नवीन माणसाचं पहिल्याच दिवशी डोकं उठायचं. बाईंची तीन महिन्यांपूर्वी स्टोअरमधून इथं बदली झाली, तेव्हा त्यांचंही उठलं होतं. आता मात्र किणकिण थांबली तरच त्या मान वर करायच्या.

त्या दिवशी डाकेत सात पत्रं होती. सहावं उघडेपर्यंत सगळं नेहमीचं. सहावं पत्र रेघांच्या कागदावर निळ्या शाईनं लिहिलेलं होतं. अक्षर म्हाताऱ्या माणसाचं, प्रत्येक ओळ शेवटाकडे खाली घसरलेली. बाईंनी सवयीनं आवकचा शिक्का मारला, वहीत क्रमांक टाकला आणि पट्टी पहिल्या ओळीखाली लावली.

'विषय: मयत कामगाराचा थकीत पगार व भविष्य निर्वाह निधी नामनिर्देशित व्यक्तीस मिळणेबाबत.

महोदय, माझा मुलगा आपल्याकडे तपासणी खात्यात टोकन क्रमांक चारशे बारा यावर कामास होता. रजेवर घरी आला असता तापाने आजारी पडून तो मरण पावला. मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. त्याने भरून दिलेल्या नामनिर्देशनात माझे नाव आहे. तरी त्याचा त्या महिन्याचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि फंडाची रक्कम मला मिळावी.

आपण मागील उत्तरात तो कामावर हजर असल्याचे कळविले आहे. हजर असल्यास त्याला घरी पाठवावे. नसल्यास वरील देणे द्यावे.'

पट्टी शेवटच्या ओळींपाशी थांबली ती थांबलीच. बाईंनी दाखला बघितला. नाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, वय सत्तावीस. मृत्यूची तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची.

"आता हे काय नवीन!" त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि संगणकावर टोकन टाकलं. चारशे बारा, तपासणी, पहिली पाळी. आज सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी आत आला होता. कालही आला होता. परवाही. बाई महिन्यांमागून महिने मागं गेल्या, वर्षं मागं गेल्या, तरी एक दिवस खाडा नाही. खाली पट्टा चालू होता, बाटल्या किणकिणत होत्या, आणि त्या बाटल्यांवर नजर ठेवून बसलेला माणूस या दाखल्याप्रमाणे एकोणीस वर्षांपूर्वीच गेला होता.

बाईंच्या आधी या खुर्चीवर भाऊ होते. तीस वर्षं बसून रिटायर झाले, आता घरी कुंड्यांना पाणी घालतात. बाईंनी त्यांना फोन लावला.

"अगं, आलं का ते पत्र? मी म्हणतच होतो, यंदा उशीर झाला." भाऊंचा आवाज एकदम खुशीत. "दरवर्षी येतं ते. कुणीतरी डोक्यावर परिणाम झालेली बाई आहे बिचारी. नाहीतर नामसाधर्म्याचा फायदा घेणारं कुणी असेल. उत्तराचा मसुदा त्या फाइलीतच आहे. 'सदर कामगार कामावर हजर आहे, सबब मागणीचा विचार करता येत नाही.' तारीख बदल आणि पाठवून दे."

"भाऊ, तुम्ही त्याला कधी विचारलंत?"

"काय विचारू? तू मेलास का रे बाबा, असं? जिवंत माणसाला?" भाऊ मोठ्यानं हसले. बाईंना हसू आलं नाही.

चारशे बाराची फाइल बाईंनी कपाटातून काढली. चांगली जाड निघाली. त्यात अठरा पत्रं होती, आणि प्रत्येकाच्या पाठीला टाचलेली उत्तराची प्रत. पत्रांचा मजकूर जवळपास सारखा, अक्षर मात्र म्हातारं होत गेलेलं. पहिल्या पत्रात ते टपोरं होतं, ठाम होतं. आठव्या-नवव्यापासून ओळी खाली उतरायला लागल्या होत्या. आणि शेवटची दोन वाक्यं, ती घरी पाठवण्याची, यंदाच पहिल्यांदा आली होती. बाईंनी अठराच्या अठरा पत्रं पट्टी लावून वाचली. जेवणाचा डबा तसाच राहिला.

फाइलीच्या तळाशी मूळ कागद होते. कामावर लागताना भरलेलं नामनिर्देशन: नातं आई, हिस्सा संपूर्ण, आणि पत्ता तोच, पत्राच्या कोपऱ्यात लिहिलेला. एक पिवळा पडलेला फोटो, त्यातला चेहरा कुणाचाही म्हणून खपावा असा. शेजारी सेवापुस्तकाची नोंद: 'ओळखीची खूण: डाव्या मनगटावर भाजल्याचा अर्धगोल व्रण.' मग बाईंनी पगारपत्रकांवरच्या सह्या लावून बघितल्या. पहिली चार वर्षं सही तिरकी होती, शेवटी मोठी शेपटी असलेली. त्यानंतर ती एका महिन्यात अचानक उभी झाली होती आणि शेपटी गेली होती. तो महिना दाखल्यावरच्या तारखेचाच होता.

खरं सांगायचं तर बाईंना फाइल बंद करून कपाटात टाकावी असं अगदी मनापासून वाटलं. भाऊ गाढ झोपलेच ना तीस वर्षं? पण आवकचा शिक्का त्यांच्या हातानं पडला होता. त्यांनी पदर खोचला आणि जिना उतरल्या.

तपासणी खात्यात बाहेरचा उजेड येऊ देत नाहीत. पट्ट्यामागं पांढरे उजेडाचे फलक असतात, त्यांच्यापुढून बाटली सरकते, आणि समोर बसलेल्या माणसानं तडा, बुडबुडा, वाकडा गळा नुसत्या नजरेनं पकडायचा असतो. डोळे थकतात म्हणून दर अर्ध्या तासानं माणूस बदलतात. चारशे बारा तिसऱ्या फलकासमोर होता. पंचेचाळिशीचा, सुकलेला, केस पांढरे व्हायला लागलेले. समोरच्या उजेडानं त्याचा चेहरा एवढा उजळला होता की त्यावर काही लिहिलेलंच नाही असं वाटावं.

त्याच्याबद्दल खात्यात सगळे चांगलंच बोलायचे. एकोणीस वर्षांत आजारपणाची एक रजा नाही. हजेरीचं बक्षीस सलग अकरा वेळा. "आमचा चारशेबारा म्हणजे लोखंड," असं पाळीप्रमुख बाईंना अभिमानानं म्हणाला. "मरणाच्या तापातसुद्धा येईल." बाईंनी पाळीप्रमुखाकडे असं काही बघितलं की तो बिचारा आपलं काय चुकलं याचा विचार करत बाजूला झाला.

त्या त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या आई कुठं असतात?"

त्याची नजर फलकावरून हलली नाही. "नाही. लहानपणीच गेली."

"नामनिर्देशन तर तुम्ही आईचं भरलंय."

त्यानं पट्ट्यावरून एक बाटली उचलली आणि खालच्या पेटीत सोडली. ती फुटली. ती चांगली होती, तडा नव्हता. बाईंना एवढं दिसलं.

बाई पुढं काही बोलायच्या आतच त्यानं डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सारली. "खूण बघायची असेल ना?" असं तो शांतपणे म्हणाला. एकोणीस वर्षं या प्रश्नाची वाट बघत बसल्यासारखा. मनगटावर अर्धगोल व्रण होता. जुना, पांढरट, कातडीत मुरलेला. पुस्तकात लिहिलं होतं तस्साच.

आता आली का पंचाईत! खूण जुळली म्हणजे हा तोच. हा तोच असेल तर तिकडं त्या बाईनं मुलगा म्हणून कुणाला निरोप दिला? बाई जिना चढून वर आल्या. त्यांनी भाऊंचा मसुदा काढला, तारीख बदलली, छापला. पाकिटात घालताना सवयीनं पुन्हा पट्टी लावली. 'सदर कामगार कामावर हजर आहे.' शेजारी ते रेघांच्या कागदावरचं पत्र होतं. 'हजर असल्यास त्याला घरी पाठवावे.'

बाईंनी छापलेला कागद फाडला. नियमात बसेल असं दुसरं उत्तर लिहिलं: मृत्यूचा मूळ दाखला आणि आपली ओळख पटवणारा कागद घेऊन समक्ष यावे. एकोणीस वर्षांत हे कुणीच लिहिलं नव्हतं. पाकीट टाकून आल्यावर त्यांना वाटलं, आपण चांगलं केलं की घोळ घालून ठेवला, देव जाणे.

आठ दिवसांनी दुपारी फाटकावरून फोन आला की एक आजी आल्यात.

आजी वाकलेल्या होत्या, पण पाय ठाम होते. खांद्याला कापडी पिशवी. बाईंनी दिलेलं पाणी एका दमात प्यायल्या आणि पिशवीतून कागद काढून टेबलावर मांडायला लागल्या. मूळ दाखला. ओळखपत्र. मुलाचा एक फोटो. मग एकाखाली एक, तारखेवार लावलेली अठरा उत्तरं. सगळ्यांवर कारखान्याचा शिक्का.

"फंडाच्या कचेरीतही गेले होते मी, तीनदा," आजी म्हणाल्या. "तिथला माणूस चांगला होता. त्यानं मशीनवर बघितलं आणि मला म्हणाला, आजी, तुमच्या मुलाची वर्गणी दर महिन्याला येतेय. या महिन्याचीही आली. कारखान्यानं नोकरी संपल्याची तारीख आणि कारण लिहिल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही. मेला असेल तर कारखान्यानं मेला म्हणून लिहायला हवं."

विभागाचे साहेब एव्हाना केबिनमधून बाहेर येऊन उभे राहिले होते. गोड बोलणारे, कुठलीही गोष्ट मिटवायच्या मागं असणारे. "आजी, चुकीनं झालं असेल काहीतरी. एकाच नावाची दोन माणसं असतात."

"असतात ना," आजी म्हणाल्या. "पहिल्या वर्षी मीही तेच म्हटलं. दुसऱ्या वर्षी राग आला. तिसऱ्या वर्षी मात्र बाबा, मला भीती वाटली. एवढा मोठा कारखाना, एवढा गोल शिक्का, तो खोटं कशाला लिहील? मला वाटायला लागलं, मी ज्याच्या तोंडावरून शेवटचा हात फिरवला तो कोण होता? माझाच होता ना? ताप भरला होता, चेहरा उतरला होता. तेव्हापासून रात्री कडी लावत नाही मी. म्हटलं, खरंच हजर असला आणि आला, तर दार बंद नको." त्या थोड्या थांबल्या. "सोळा वर्षं कडी लावली नाही. आता वय झालं. मला एकदा काय ते कळू दे. आहे तर दाखवा, नाही तर नाही म्हणा."

खालून किणकिण येत होती. बाईंनी फोन उचलला आणि चारशे बाराला वर पाठवा म्हणून सांगितलं. साहेब डोळे वटारून बघत होते. बघू देत, बाईंनी लक्ष दिलं नाही.

तो आला. उजेडातून आल्यामुळं दारातच जरा चाचपडला. आजी खुर्चीवरून उठल्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं ते पुष्कळ वेळ बघितलं. बाईंना त्या क्षणी एक भयंकर गोष्ट दिसली: आजींच्या तोंडावर ओळख उमटत होती. एकोणीस वर्षांनी म्हातारा झालेला मुलगा असाच दिसला असता की.

"हात दाखव," आजी म्हणाल्या.

त्यानं बाही वर केली. अर्धगोल व्रण. त्यांनी त्याचं मनगट दोन्ही हातांत घेतलं, खिडकीकडे वळवलं आणि बोटानं व्रणावरून रेघ ओढली. एकदा, पुन्हा एकदा. मग मनगट हळूच खाली ठेवलं, कुणाची तरी वस्तू परत ठेवावी तसं.

"उलटा आहे," त्या म्हणाल्या. "डब्याच्या तापलेल्या झाकणानं भाजला होता तो. चार वर्षांचा होता. त्याचा व्रण तळव्याकडे तोंड करून होता. याचा कोपराकडे आहे."

सेवापुस्तकात अर्धगोल एवढंच लिहिलं होतं. तोंड कुणीकडे, ते लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. ज्यानं हा दुसरा व्रण केला त्याला पुस्तक वाचूनच करावा लागला होता, आणि तो तिथंच चुकला.

चारशे बारा मटकन खाली बसला. खुर्चीवरसुद्धा नाही, जमिनीवर.

"फोरमननं केलं," तो म्हणाला. त्याचा आवाज बाईंनी आजपर्यंत ऐकलेल्या आवाजापेक्षा वेगळा होता, जरा कोवळा. "मी बदली कामगार होतो. रोजच्या रोज फाटकाशी उभा राहायचो. कुणी आलं नाही की फोरमन बोलवायचा, अमक्याच्या टोकनवर उभा राहा म्हणायचा, हजेरी त्याच्या नावावर लागायची. तेव्हा सगळे असंच करायचे. हा रजेवर गेला आणि परत आलाच नाही. फोरमनला कळलं होतं वारला म्हणून. पण नवी भरती बंद होती. माणूस गेला म्हणून कळवलं असतं तर जागाच रद्द झाली असती, पट्ट्यावर एक हात कमी झाला असता. तो म्हणाला, पंधरा दिवस काढ, मग बघू. पंधरा दिवसांनी म्हणाला, आता महिना काढ. मग खूण तपासणार असं कानावर आलं. त्यानं भट्टीवरून बाटलीची तापलेली मान आणली आणि..." त्यानं मनगट पोटाशी धरलं. "फोरमन मेला त्याला बारा वर्षं झाली. तो सुटला. मी तिथंच राहिलो."

"आजारी पडला नाहीस कधी?" बाईंनी विचारलं. का विचारलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"पडलो की. पण डॉक्टरकडं कोण म्हणून जाणार? भीती वाटायची बाई. त्याच्या नावावर मेलो तर काय होणार? माझी बायको याच टेबलावर हेच पत्र पाठवणार, आणि तुम्ही हा दाखला काढून दाखवणार, की तो तर केव्हाच गेला. ती कुणाची बायको मग? मुलगी कुणाची? मुलीच्या नावापुढं त्याचंच नाव लागतं. शाळेत, सगळीकडं. बँकेचं खातं त्याच्या कागदांवर, घरभाडं त्याच्या नावावर. आमच्या घरात माझं असं काहीच नाही."

आजी इतका वेळ त्याच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होत्या. आता वळल्या. "मुलगी आहे?"

"आहे. बारावीला आहे."

"माझ्या लेकाचं नाव लावते?"

त्यानं मान डोलावली.

"त्याचं लग्नही व्हायचं होतं," आजी म्हणाल्या. मग एकदम त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एकोणीस वर्षांचं सगळं साचलेलं पाणी. बाई उठल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनाही रडू येत होतं आणि त्याचा त्यांना राग येत होता.

साहेबांनी घसा खाकरला. "हे बघा. झालं गेलं गंगेला मिळालं. आता हे उकरलं तर कारखान्यावर चौकशी, याच्यावर फसवणुकीचा ठपका. आजींना आपण आपल्या खिशातून काहीतरी देऊ. सन्मानानं. पत्र दप्तरी दाखल करा."

"साहेब, आवक क्रमांक पडलाय," मोजपट्टीबाई म्हणाल्या.

"मग पडू दे की."

"पडू दे कसं? आधीच्या अठरा पत्रांवरही पडलाय. प्रत्येकाच्या उत्तरावर कारखान्याची सही आहे, की मेलेला माणूस हजर आहे. ती अठरा पापं तुमची-माझी नव्हती. एकोणिसावं लिहिलं तर आपलं. मी लिहिणार नाही. तुमच्या हातानं लिहा आणि तुमच्या हातानं पाठवा." त्यांचा आवाज चढला होता. साहेबांनी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, बाईंनीही स्वतःला ऐकलं नव्हतं. साहेब पेनाशी चाळा करत राहिले.

मग बाई चारशे बाराकडे वळल्या. त्यांना कुणालाच फसवायचं नव्हतं. "मी नोकरी संपल्याची तारीख लिहिली, कारण मृत्यू लिहिलं, की त्या तारखेपर्यंतचं सगळं आजींचं. पगार कारखाना देईल, फंडाचा अर्ज मी भरून, साहेबांची सही घेऊन फंडाच्या कचेरीत पाठवीन. त्यानंतरच्या वर्षांची वर्गणी तुझ्या घामाची आहे, तसा तुझा जबाब मी सोबत जोडीन. पण ती तुझ्या नावावर करायची की नाही, ते चौकशी करून ते ठरवणार. नोकरी राहील की नाही, पुढं काय होईल, मला सांगता येत नाही. उद्या फाटकावर चारशे बारा चालणार नाही, एवढं मात्र नक्की सांगते."

खाली अर्ध्या तासाची माणसं बदलत होती, क्षणभर पट्टा थांबला, आणि बाईंनी सवयीनं मान वर केली. त्या शांततेत आजींचा आवाज आला.

"मुलीला राहू दे त्याचं नाव," त्या म्हणाल्या. "शाळेचे कागद एका दिवसात बदलत नाहीत, आणि तिचं त्यात काय चुकलं? बदलेपर्यंत लावू दे. माझ्या लेकाचं नाव कुणीतरी लावतंय, तेवढंच. पण त्याला आता मरू द्या हो. एकोणीस वर्षं झाली, रोज सकाळी उठवून कामाला लावताय तुम्ही त्याला."

पट्टा पुन्हा सुरू झाला.

"लिहा, बाई," चारशे बारा म्हणाला.

बाईंनी पट्टी घेतली, सेवापुस्तकातल्या त्या नावाच्या ओळीखाली लावली आणि लिहिलं. नोकरी संपल्याची तारीख. कारण: मृत्यू. तो जमिनीवरून बघत होता. शेवटचं अक्षर पुरं झालं तसे त्याचे खांदे खाली आले. आजींनी पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं, डोळ्यांजवळ धरून ती ओळ वाचली, आणि पिशवीतून काढलेल्या अठरा उत्तरांचा गठ्ठा बाईंच्या टेबलावरच राहू दिला. "हे नको मला आता," त्या म्हणाल्या.

मग बाईंनी जबाबासाठी कोरा कागद काढला. सगळ्यात वर लिहायचं असतं: मी, खाली सही करणार. त्यापुढं नाव. बाईंनी तेवढं लिहिलं आणि पेन थांबवलं.

"नाव?"

त्याच्या तोंडून सवयीनं मेलेल्या माणसाचं नाव निघालं. अर्धंच निघालं आणि तुटलं. त्यानं ओठ मिटले, पुन्हा उघडले. काहीच आलं नाही. तो बाईंकडे बघायला लागला, साहेबांकडे बघायला लागला, मदत करा म्हणावं तसा. साहेब नजर चुकवून खिडकीपाशी गेले. बाईंना खरोखर वाटलं, की याचं नाव याच्याकडे उरलेलंच नाही.

आजी खुर्ची पुढं सरकवून त्याच्या अगदी जवळ आल्या. त्यांनी त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला.

"बाळा," त्या म्हणाल्या, "तुझी आई तुला काय म्हणून हाक मारायची?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मला कमी ऐकू येतं रे. मोठ्यानं सांग."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. आजींनी ते जसंच्या तसं म्हणून बघितलं, मान हलवली, आणि बाईंना म्हणाल्या, "लिहा."